रुग्णालयातल्या दिवसांचे वेळापत्रक: कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटातून भेटी, पैसे आणि रात्रपाळ्या कशा उतरवून काढाव्यात

आई किंवा वडील रुग्णालयात दाखल झाले की कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर दोन दिवसांत दीड-दोनशे संदेश जमतात. पुढच्या आठवड्यासाठी लागणारी जवळपास सगळी माहिती त्यांतच असते, पण ती कामाच्या रूपात नसते. गप्पांमध्ये माणसे इच्छा, अंदाज, धीर आणि प्रत्यक्ष केलेली कामे एकाच सुरात लिहितात. ‘मी बघतो’, ‘मी थांबते’ आणि ‘भरले’ हे तीन संदेश पडद्यावर सारखेच दिसतात, मात्र यादीत पहिल्याला जागा नाही, दुसऱ्याला प्रश्नचिन्हासह जागा आहे आणि तिसऱ्याला पावतीनंतरच जागा आहे. गटाचे वेळापत्रक करणे म्हणजे मुख्यतः ही निवड करणे होय.

पुढची सगळी पद्धत एका काल्पनिक कुटुंबावर करून दाखवतो. उदगीर तालुक्यातल्या खेड्यात राहणारे आबा सोमवारी, 7 ऑक्टोबर 2024 रोजी अंगणात पडले, खुब्याचे हाड मोडले आणि संध्याकाळी त्यांना लातूरच्या एका खासगी रुग्णालयात दाखल केले. थोरला मुलगा दादा गावी शेती पाहतो, ताई आणि दाजी लातुरातच राहतात, मधला बापू पुण्यात नोकरीला आहे आणि धाकटी नांदेडला असते. शस्त्रक्रिया बुधवारी होणार आहे, शनिवारी दसरा आहे आणि शेतात सोयाबीन काढून पडले आहे. हे शेवटचे दोन तपशील रुग्णालयाच्या कागदांत कुठेही नसतात, पण कोण कधी मोकळा आहे हे तेच ठरवतात.

गट फाइलमध्ये उतरवणे

काम एकानेच करावे, आणि शक्यतो रुग्णाजवळ नसलेल्याने. आपल्या उदाहरणात ते धाकटीकडे जाते, कारण ती शनिवारपर्यंत येऊ शकत नाही आणि घरी बसून दोन तास देऊ शकते. अँड्रॉइड फोनवर गट उघडून वरच्या तीन ठिपक्यांतून `More`, मग `Export chat`, मग `Without media` निवडले की एक `.txt` फाइल मिळते. ती स्वतःलाच ईमेल करावी. कोणी गटावर `Advanced chat privacy` चालू केलेले असेल तर गट असा बाहेर काढता येत नाही, तेव्हा ते आधी बंद करून घ्यावे. आपोआप नाहीसे होणारे संदेशही त्याच वेळी बंद करावेत, नाहीतर यापुढचे पैशांचे संदेश हिशेबाच्या दिवशी सापडणार नाहीत.

फाइलमधला मजकूर गुगल शीटच्या पहिल्या रकान्यात चिकटवला की प्रत्येक ओळ साधारण अशी दिसते:

```
07/10/24, 11:52 pm - ताई: उद्या रात्री मी थांबते
08/10/24, 12:20 am - बापू: उद्या सकाळी निघतो
```

तारीख, वेळ, नाव आणि मजकूर वेगळे करण्यासाठी दुसऱ्या रकान्यात हे सूत्र टाकून खाली ओढावे:

```
=REGEXEXTRACT(A1,"^([^,]+), (.+?) - ([^:]+): (.*)$")
```

ज्या ओळीपुढे `#N/A` येईल ती बहुतेक वेळा वरच्याच लांब संदेशाची पुढची ओळ असते किंवा कोणाला तरी गटात घेतल्याची नोंद असते. ती पुसून टाकण्याआधी एकदा वाचावी, कारण औषधांच्या दुकानाचे आकडे लोक अशाच दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत लिहितात. आयफोनवरून काढलेल्या फाइलमध्ये तारीख चौकोनी कंसात येते, त्यामुळे हे सूत्र तिथे चालत नाही. अशा वेळी घरातल्या एखाद्या अँड्रॉइड फोनवरूनच फाइल काढणे सोपे पडते.

ज्यांना शीट जमत नाही त्यांनी दोनशे संदेश वहीवर उतरवले तरी चालते. पण फाइल असो की वही, तीन गोष्टी तिच्यात येत नाहीत. फोटोच्या जागी फक्त `<Media omitted>` असे दिसते, आणि पावत्या नेमक्या फोटोतच असतात. आवाजी संदेशांचेही तेच होते, आणि घरातली वडीलधारी माणसे बहुधा तेच पाठवतात. तिसरी गोष्ट सहज नजरेतून सुटते: संदेशावर नुसता अंगठा दाखवून दिलेला होकार या फाइलमध्ये उतरत नाही. म्हणून फाइलसोबत मूळ गट दुसऱ्या फोनवर उघडा ठेवावा आणि `<Media omitted>` असलेल्या प्रत्येक जागी जाऊन तिथे काय होते ते एका शब्दात लिहावे: पावती, एक्स-रे, आवाज, फुलांचे चित्र. फुलांची चित्रे सोडून द्यावीत.

संदेशांची निवड

आता प्रत्येक संदेशापुढे एकच खूण करावी: ‘केले’, ‘करणार’, ‘विचारले’ किंवा काहीच नाही. बहुतेक संदेशांपुढे काहीच येणार नाही. ‘करणार’ या खुणेच्या संदेशाला वेळापत्रकात जागा मिळण्यासाठी कोण, कधीपासून आणि कधीपर्यंत ही तीन उत्तरे हवीत. एक जरी नसेल तर त्या माणसाला फोन करावा, गटावर विचारू नये. गटावर विचारले की उत्तर तिसराच देतो.

आपल्या उदाहरणातले संदेश घेऊ. दाजींनी लिहिले, ‘रात्री काही लागलं तर सांगा, मी आहेच.’ हा धीर आहे, नोंद नाही. दादाने लिहिले, ‘मळणीयंत्र गुरुवारी मिळतंय, पाऊस आला तर सगळं जाईल.’ यात रुग्णालयाचा उल्लेखही नाही, तरी हा यादीतला एक महत्त्वाचा संदेश आहे, कारण गुरुवार आणि शुक्रवार दादा नाही हे त्यातून कळते. धाकटीचे स्वतःचे वाक्य ‘पोरांना सुट्टी लागली की येते’ हे अटीवर आहे. शाळेची सुट्टी कधीपासून हे पाहून त्याचे ‘शनिवारी दुपारपर्यंत लातूर’ असे तारखेत रूपांतर करावे लागते. नवरात्रात तुळजापूरच्या बाजूची वाहतूक आणि एसटी दोन्ही भरलेल्या असतात, त्यामुळे पुण्याहून येणाऱ्याच्या वेळेत दोन तासांची सूट आधीच धरावी.

सर्वांत जास्त घोळ ‘उद्या’ या शब्दाने होतो. बापूचा संदेश रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी आला आहे. तारखेप्रमाणे तो मंगळवारचा संदेश आहे, म्हणजे ‘उद्या’ बुधवार ठरतो. पण जागा असलेला माणूस झोपेपर्यंतचा काळ कालच्याच दिवसात धरतो, त्यामुळे बापूच्या मनात मंगळवारची सकाळ होती. यादी करणाऱ्याने बुधवार धरला तर मंगळवारी दुपारी बापू लातुरात पोचतो आणि त्याच्यासाठी काहीच काम ठरलेले नसते. उलट झाले तर शस्त्रक्रियेच्या दिवशी कागदांवर सही करायला कोणी नसते. नियम साधा ठेवावा: रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत आलेल्या संदेशात ‘आज’ किंवा ‘उद्या’ असेल तर वार विचारून घेतल्याशिवाय नोंद करू नये.

रात्रपाळी

रात्र दोन तारखांत विभागलेली असते, म्हणून तिला ती सुरू होते त्या वाराचे नाव द्यावे आणि दोन्ही टोके लिहावीत: ‘मंगळवारची रात्र, मंगळवार रात्री 9 ते बुधवार सकाळी 7:30’. बदलीची वेळ ठरवताना रुग्णालयाचा दिनक्रम आधी विचारावा. परिचारिकांची पाळी बदलते त्याच वेळी नातेवाइकांचीही बदली ठेवली तर रात्रीची माहिती असलेली दोन्ही माणसे एकदम निघून जातात. सकाळचा माणूस डॉक्टरांच्या फेरीआधी आलेला हवा आणि रात्रीच्या माणसाने त्याला समोरासमोर सांगून मगच जावे. बहुतेक ठिकाणी रात्री थांबणाऱ्याला एकच पास मिळतो, तेव्हा पास हातोहात द्यायचा असतो. तो खिशात घेऊन माणूस उदगीरच्या गाडीत बसला की नवा पास मिळेपर्यंत दुसरा खालीच उभा राहतो.

वॉर्डाचा नियम मात्र पहिल्याच दिवशी विचारावा. आबांना पहिल्या दोन रात्री पुरुषांच्या सामान्य वॉर्डात ठेवले होते आणि अशा वॉर्डात रात्री बाई नातेवाइकाला थांबू देत नाहीत, असे तिथल्या सिस्टरनी सांगितले. त्यामुळे ताईचे ‘उद्या रात्री मी थांबते’ हे मनापासून लिहिलेले आणि अगदी स्पष्ट असलेले वाक्यही यादीत बसत नाही. मंगळवारची रात्र दाजींकडे गेली, आणि ‘मी आहेच’ याला अशा रीतीने अखेर वार आणि वेळ मिळाली. बुधवारपासून स्वतंत्र खोली मिळाल्यावर ही अडचण संपली.

आता सात रात्री अशा बसतात. सोमवारी दादा थांबला, कारण तोच आबांना घेऊन आला होता. मंगळवारी दाजी. बुधवार आणि गुरुवार बापू, शुक्रवारी ताई, शनिवारी धाकटी, आणि रविवारी पुन्हा दादा, म्हणजे सोमवारी सुट्टी मिळताना गाडी आणि शेवटचे बिल तोच पाहील. सलग दोनपेक्षा जास्त रात्री कोणालाही देऊ नयेत, आणि दुसऱ्या रात्रीनंतर त्या माणसाला स्वतः गाडी चालवत परत पाठवू नये. बापू शुक्रवारी बसने गेला ते याच कारणाने. आईचे नाव रात्रपाळीत घालू नये, तिने कितीही आग्रह केला तरी. तिची जागा दुपारच्या जेवणाच्या वेळी, कारण आबा तिच्याच हातून नीट जेवतात.

शस्त्रक्रियेनंतरची रात्र इतरांसारखी नसते. वयस्कर माणसाला भूल आणि वेदनाशामक औषधांनंतर रात्री भ्रम होऊ शकतो. आपण कुठे आहोत हे न कळून तो सलाइनची नळी ओढतो किंवा खाली उतरू पाहतो. नव्याने जोडलेल्या खुब्याला ते परवडत नाही. म्हणून त्या रात्री जागा राहू शकणारा आणि आबांना हाताने धरू शकणारा माणूस हवा, आणि शेजारी लातुरातच दुसरा एक जण फोन उशाशी घेऊन झोपलेला हवा. यादीत बुधवारच्या रात्रीपुढे ‘बापू, राखीव दाजी’ असे लिहिले आहे. बाकीच्या रात्रींना राखीव माणूस लिहिला नाही तरी चालते.

रात्रीच्या माणसाने सकाळी गटावर चार ओळींचा एकच संदेश टाकावा, ठरलेल्या क्रमाने: झोप आणि दुखणे, लघवीच्या पिशवीची नोंद सिस्टरनी किती केली, कोणते औषध खालून आणले आणि किती रुपयांचे, फेरीत डॉक्टरांना काय विचारायचे. क्रम ठरलेला असला की सकाळच्या माणसाला काय राहिले हे लगेच दिसते, आणि तिसरी ओळ थेट पैशांच्या पानावर जाते.

भेटी

यावर फार वेळ घालवू नये. घरच्यांच्या दिवसपाळ्या दोनच ठेवाव्यात, सकाळी साडेसात ते दुपारी तीन आणि तीन ते नऊ, आणि डबा कोण आणणार हे त्याच ओळीत लिहावे. खरा प्रश्न भावकीचा आणि गावकऱ्यांचा असतो, कारण आपल्याकडे एक जीप भरून दहा जण एकदम येतात आणि त्यांना नाही म्हणता येत नाही. त्यांच्यासाठी दादाच्या नावाने एक संदेश गावातल्या गटावर टाकावा: ‘आबांना भेटायला शुक्रवारपासून रोज संध्याकाळी 5 ते 6. वर एका वेळी दोघेच सोडतात. येण्याआधी मला फोन करावा.’ दादाचा फोन क्रमांक द्यावा, ताईचा नव्हे, कारण ताईला लातुरात राहून नकार देणे अवघड जाते. शस्त्रक्रियेचा दिवस आणि दुसरा दिवस पूर्ण बंद ठेवावा.

पैसे

गटातल्या रकमांची सरळ बेरीज केली तर ती नेहमी जास्त येते, आणि त्यातूनच पुढे भावंडांत कुरबुर होते. आपल्या उदाहरणातले पैशांचे संदेश असे आहेत. दादाने दाखल करताना 20,000 रुपये आगाऊ भरले आणि गाडीला 3,000 दिले. बापूने ताईला 30,000 पाठवले. ताईने शस्त्रक्रियेआधी रुग्णालयात 40,000 भरले. धाकटीने दादाला 15,000 पाठवले. दाजींनी औषधांच्या दुकानात 8,400 दिले आणि सुट्टीच्या दिवशी न वापरलेली औषधे परत करून 1,400 परत घेतले. एकूण बिल 82,000 झाले, त्यातून आधीचे 60,000 वजा होऊन उरलेले 22,000 दादाने भरले.

‘मी इतके दिले’ असे सांगणारे सगळे आकडे मिळवले तर 1,38,400 होतात. प्रत्यक्ष खर्च 92,000 आहे: बिल 82,000, औषधे 7,000, गाडी 3,000. मधला 46,400 चा फरक म्हणजे बापूचे 30,000 आणि धाकटीचे 15,000, जे घरातल्या घरात एका हातातून दुसऱ्या हातात गेले आणि दोनदा मोजले गेले, आणि परत आलेले 1,400. हा घोळ टाळण्यासाठी पैशांच्या पानावर ‘कोणी दिले’ एवढा एकच रकाना न ठेवता ‘कोणाकडून’ आणि ‘कोणाकडे’ असे दोन ठेवावेत. रुग्णालय, औषधांचे दुकान आणि गाडीवाला हेही त्यात नावासारखेच लिहावेत. तारीख A मध्ये, पावती क्रमांक B मध्ये, ‘कोणाकडून’ C मध्ये, ‘कोणाकडे’ D मध्ये आणि रक्कम E मध्ये असेल, तर प्रत्येकाचा खरा वाटा या सूत्राने निघतो:

```
=SUMIF(C:C,"दादा",E:E)-SUMIF(D:D,"दादा",E:E)
```

दादाने 45,000 दिले आणि त्याच्याकडे 15,000 आले, म्हणजे त्याचे 30,000. ताई आणि दाजी एकाच घराचे, म्हणून दोघांच्या ओळीत ‘ताई’ हेच नाव लिहावे: 48,400 गेले, बापूकडून आणि दुकानातून मिळून 31,400 आले, उरले 17,000. बापूचे 30,000 आणि धाकटीचे 15,000. या चारही आकड्यांची बेरीज 92,000 येते. ती खर्चाशी जुळली नाही तर एखादी ओळ सुटली आहे किंवा एखादी रक्कम दोनदा लिहिली आहे, आणि बहुधा ती फोटोतली पावती असते. ‘वीस टाकले’, ‘दोन दिले’ अशा संदेशांत वीस हजार की दोनशे हेही पावतीवरूनच ठरवावे.

चौघांनी सारखा भार उचलायचा ठरले तर प्रत्येकी 23,000 येतात. दादा आणि बापू यांचे प्रत्येकी 7,000 जास्त गेले आहेत, ताईचे 6,000 आणि धाकटीचे 8,000 कमी आहेत. धाकटीने दादाला 7,000 आणि बापूला 1,000, आणि ताईने बापूला 6,000 दिले की तीन व्यवहारांत हिशेब मिटतो. पण वाटे सारखे असावेत की नाही हे दाखल केल्याच्या पहिल्या दोन दिवसांतच बोलून घ्यावे, सुट्टीच्या दिवशी नव्हे. बहिणींनी पैसे द्यायचे का, यावर प्रत्येक घराची रीत वेगळी असते आणि बिल हातात आल्यावर त्यावर शांतपणे बोलणे होत नाही. रात्रींची किंमत रुपयांत लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्रींचे पान वेगळे, पैशांचे पान वेगळे. ताईच्या घरून आलेल्या डब्यांचाही हिशेब मांडू नये, तिने स्वतःहून सांगितल्याखेरीज.

कोणी भरायचे याबरोबर कसे भरायचे हेही ठरवावे लागते. आयकर कायद्यानुसार एका रुग्णाच्या एका उपचारासाठी दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, मग ती तुकड्या-तुकड्यांनी वेगवेगळ्या दिवशी भरली तरी. त्यामुळे मोठे बिल होणार असेल तर शेतमालाचे रोख पैसे घेऊन आलेल्या भावाला काउंटरवर अडचण येते. रुग्णालयांसाठी यूपीआयची मर्यादा पाच लाखांपर्यंत आहे, मात्र आपल्या बँकेची स्वतःची मर्यादा कमी असू शकते, ती आदल्या दिवशी पाहावी. आबांचे वय साठच्या वर आहे आणि त्यांचा आरोग्य विमा नाही. अशा वेळी जुन्या करप्रणालीत असलेल्या बापूला आई-वडिलांच्या उपचारावर रोखीशिवाय केलेल्या खर्चाची 50,000 रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते. म्हणून त्याने ताईकडे पैसे पाठवण्याऐवजी थेट रुग्णालयाच्या खात्यावर भरले असते तर पुरावा सरळ राहिला असता, आणि आपल्या पानावरची एक ओळही वाचली असती.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी पहिला हप्ता भरण्याआधी करावी. रुग्णालय योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो. शिधापत्रिका आणि आधार घेऊन त्याला भेटावे आणि हा उपचार योजनेत बसतो का ते विचारावे. वेळापत्रकात ही ओळ ‘सोमवार, दादा’ अशी नावानिशी लिहावी, कारण ‘कोणीतरी विचारा’ असे लिहिले की विचारणे होत नाही.

यादी चालू ठेवणे

तयार यादीचा संदेश गटावर टाकून तो वर टाचून ठेवावा. टाचण सात दिवसांचे निवडता येते. रोज रात्री नऊ वाजता धाकटीने एकदाच नवी यादी टाकावी आणि जुनी काढावी. मधल्या वेळेत झालेला बदल गटावर ठरू देऊ नये: ज्याला जमत नाही त्याने स्वतः दुसरा माणूस फोन करून मिळवावा आणि दोघांनीही धाकटीला कळवावे. एकानेच कळवले तर जुनेच नाव कायम धरावे. शीट पाहण्याची मुभा चौघांनाच द्यावी, संपूर्ण भावकीच्या गटावर तिची लिंक टाकू नये, कारण तिच्यात आधारचे फोटो, अहवाल आणि कोणी किती दिले हे सगळेच असते.

सुट्टीच्या दिवशी दादाने काउंटरवरून तपशीलवार बिल, प्रत्येक आगाऊ रकमेची पावती, डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल आणि चिठ्ठीसह औषधांची बिले मूळ स्वरूपात घ्यावीत आणि तिथेच उभे राहून पैशांच्या पानावरच्या पावती क्रमांकांशी ताडून पाहावीत. आगाऊ भरलेले 60,000 बिलातून वजा झाले आहेत का, हे याच वेळी दिसते. पान लगेच बंद करू नये. टाके काढायला येण्याचा दिवस, वॉकर आणि घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे पैसे अजून यायचे असतात, म्हणून शेवटची वाटणी टाके निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी करावी आणि ती तारीख आजच लिहून ठेवावी.